फिन्सेनचा दिवा आणि घरातला मुखवटा

कोपनहेगनमध्ये १८९६ साली नील्स फिन्सेन या डॉक्टरने प्रकाशोपचारांची संस्था उघडली. त्या काळी युरोपात 'ल्युपस व्हल्गॅरिस' नावाचा त्वचेचा क्षय होता. तो नाक, गाल, ओठ कुरतडत जाई आणि माणसे चेहरा झाकून जगत. फिन्सेनने कार्बन-आर्कच्या प्रखर दिव्याचा उजेड क्वार्ट्झच्या भिंगांतून एका लहानशा जागेवर आणला. वाटेत पाणी ठेवून त्यातली उष्णता गाळली. परिचारिका क्वार्ट्झची चकती त्वचेवर दाबून धरी, कारण रक्त बाजूला सरले नाही तर उजेड खोल पोचत नाही. असे तासभर, रोज, कित्येक महिने चाले. १९०३ साली फिन्सेनला नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

हल्ली एलईडी दिवे बसवलेले जे मुखवटे घरी वापरायला विकले जातात, त्यांची वंशावळ फिन्सेनपर्यंत नेता येते, आणि ती खोटी नाही. फिन्सेनला वाटे की अतिनील किरण जंतू मारतात. २००५ साली डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्याची जुनी भिंगे आणि गाळण्या तपासल्या. तेव्हा दिसले की तीव्र अतिनील किरण त्यांतून जवळजवळ जातच नव्हते. क्षयाच्या जंतूंत पॉर्फिरिन नावाचे द्रव्य असते, ते निळाजांभळा उजेड शोषते आणि त्यातून जंतूलाच घातक असा ऑक्सिजन तयार होतो, असा उलगडा त्यांनी केला. मुरमांच्या जंतूंतही पॉर्फिरिन असते. निळ्या मुखवट्याची तरंगलांबी ४१५ नॅनोमीटरच्या आसपास ठेवतात ती यासाठीच.

म्हणजे तत्त्व खरे आहे. पण तत्त्व खरे असणे आणि हातातला मुखवटा कामाचा असणे, या दोन गोष्टींच्या मध्ये एक साधा गुणाकार आहे, आणि जाहिरात नेमका तोच गाळते. खोक्यावर दिव्यांची संख्या मोठ्या अक्षरांत असते: शंभर, दोनशे. संख्येने काही कळत नाही. विचारायचे ते हे, की त्वचेच्या एका चौरस सेंटीमीटरवर किती मिलीवॉट उजेड पडतो? समजा, ३० पडतो. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. ३० गुणिले ६०० म्हणजे १८,००० मिलीज्यूल, अर्थात १८ ज्यूल. दुसऱ्या मुखवट्यात ३ मिलीवॉटच असतील, तर त्याच दहा मिनिटांत १.८ ज्यूल मिळतात. पहिल्याइतकी मात्रा हवी तर तो शंभर मिनिटे तोंडावर ठेवावा लागेल. दोघांवरही 'दहा मिनिटे' असेच छापलेले असते! जो विक्रेता तरंगलांबी आणि मिलीवॉट सांगत नाही, त्याने दाखवलेला शोधनिबंध त्याच्या मुखवट्याला लागू पडतो की नाही, हे तपासताच येत नाही.

बरे, शोधनिबंध तरी काय म्हणतात? मुरमांवरच्या प्रकाशोपचारांचा कोक्रेन संस्थेने २०१६ साली आढावा घेतला. ७१ चाचण्या, ४,२११ माणसे. बहुतेक पुरावा कमी विश्वासाचा निघाला. चाचण्या लहान, मोजमापाच्या रीती वेगवेगळ्या. उपयोग नाही असे सिद्ध झाले नाही. पण 'सिद्ध' हा शब्द खोक्यावर छापण्याइतकेही काही हाती आले नाही.

अमेरिकेच्या एफडीएचे नाव पाहूनही आपण भुलतो. 'अप्रूव्हड' आणि 'क्लिअर्ड' हे दोन वेगळे शब्द आहेत. हे मुखवटे सहसा 'क्लिअर्ड' असतात. त्याचा मुख्य अर्थ इतकाच, की ही वस्तू आधीपासून बाजारात असलेल्या अशाच एखाद्या वस्तूच्या तोडीची आहे, हे उत्पादकाने दाखवले. न्यूट्रोजिनाचा निळ्या-लाल उजेडाचा मुखवटा २०१६ साली बाजारात आला आणि जुलै २०१९मध्ये कंपनीने तो परत मागवला. काही विशिष्ट नेत्रविकार असलेल्यांच्या किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोळ्यांना धोका संभवतो, असे कारण होते. सर्वसाधारण ग्राहकाला तो सुरक्षित आहे, असेही कंपनीने तेव्हा सांगितले. ज्यांच्या घरात पडदापटलाचा आजार आहे, त्यांनी अशा खरेदीआधी नेत्रतज्ज्ञाला विचारावे.

आणि एक गोष्ट खास आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीसाठी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४१५ नॅनोमीटरचा निळाजांभळा आणि ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड शेजारी शेजारी देऊन पाहिला. लाल उजेडाने डाग पडला नाही. निळ्याजांभळ्याने मात्र मध्यम वर्णाच्या त्वचेवर ठळक काळसरपणा आला आणि तो कित्येक आठवडे टिकला. तिथली मात्रा घरच्या मुखवट्याच्या दहा मिनिटांपेक्षा बरीच जास्त होती, हे खरे. तरीही ज्यांचे मुरूम जाताना मागे काळा डाग ठेवून जाते, त्यांनी निळा दिवा आधी जबड्याखालच्या एखाद्या लहानशा जागेवर काही दिवस लावून पाहावा. जागा काळवंडू लागली, तर तो दिवा गालांपर्यंत नेऊ नये.