धारित्र विभव रोहित्र आणि दूरता संरक्षण : विलंबाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

उच्चदाब पारेषण वाहिनीवर दोष उद्भवला, तर तो ओळखण्यासाठी संरक्षक रिलेला वाहिनीचा विद्युतदाब व विद्युतप्रवाह या दोन राशी सतत मोजाव्या लागतात. ४०० किलोव्होल्टचा दाब थेट रिलेला देता येत नाही. तो सुमारे ६३ व्होल्टपर्यंत उतरवून द्यावा लागतो. हे काम आज बहुतांश उपकेंद्रांत धारित्र विभव रोहित्र करते. व्यवहारात ते ‘सीव्हीटी’ या नावाने ओळखले जाते. स्थिर अवस्थेत हे उपकरण अत्यंत अचूक असते. वाहिनीचा दाब एकाएकी कोसळतो तेव्हा मात्र त्याच्या दुय्यम बाजूचा दाब त्याच क्षणी कोसळत नाही, आणि दोषाच्या नेमक्या त्याच क्षणांत रिलेला निर्णय घ्यायचा असतो. ही अडचण कशी निर्माण झाली, ती प्रथम का जाणवली नाही आणि पुढे रिलेच्या रचनेतच तिला स्थान का द्यावे लागले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम : एका धारित्राची दोन कामे

दाब वाढत जातो तसा चुंबकीय विभव रोहित्राचा आकार व खर्च झपाट्याने वाढतो, कारण संपूर्ण दाबाचे रोधन त्याच्या गुंडाळ्यांनाच करावे लागते. १९२० च्या दशकात पारेषण वाहिनीच्या तारांवरूनच दूरध्वनी व संदेश पाठविण्याची वाहक पद्धत प्रचारात आली. या पद्धतीत उच्च वारंवारतेचा संदेश वाहिनीवर चढविण्यासाठी वाहिनी व जमीन यांच्यामध्ये धारित्रांचा स्तंभ बसवावा लागे. स्तंभ उभा असल्यावर त्याच्या खालच्या भागातून दाबाचा अंश काढून घेणे ही स्वाभाविक पुढची पायरी होती. भारतात १९७७ मध्ये ४०० किलोव्होल्ट पातळीचा प्रारंभ झाला. आजही अनेक उपकेंद्रांत वेव्ह ट्रॅपच्या शेजारी उभा असलेला सीव्हीटी संदेशवहन आणि दाबमापन अशी दोन्ही कामे करताना दिसतो.

दाब उतरविण्याची प्रक्रिया

या उपकरणाचे कार्य एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीत एका कलेचा जमिनीपासूनचा दाब सुमारे २३१ किलोव्होल्ट असतो. एकूण ४,४०० पिकोफॅरड धारिता असलेला स्तंभ घेतला आणि त्यातून विसावा भाग काढायचा ठरविला, तर वरचे धारित्र सुमारे ४,६३२ व खालचे ८८,००० पिकोफॅरडचे येते. खालच्या धारित्रावर सुमारे ११.५ किलोव्होल्ट मिळतात. हा मध्यवर्ती दाब एका लहान चुंबकीय रोहित्राने ६३.५ व्होल्टपर्यंत उतरविला जातो. अशा रीतीने दाब दोन टप्प्यांत उतरतो आणि चुंबकीय रोहित्राला केवळ ११.५ किलोव्होल्टचे रोधन पुरते.

धारित्र विभाजकाला मात्र एक मोठी उणीव आहे. त्यातून प्रवाह घेताच त्याचा दाब ढळतो. मध्यवर्ती बिंदूवरून पाहिल्यास दोन्ही धारित्रे समांतर दिसतात. त्यांची मिळून धारिता सुमारे ९२,६०० पिकोफॅरड आणि ५० हर्ट्झला तिचा विरोध सुमारे ३४,४०० ओहम होतो. १०० व्होल्ट-अँपिअरचा रोधात्मक भार जोडला, तर ११.५ किलोव्होल्टला सुमारे ८.७ मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि सुमारे ३०० व्होल्टचा दाब धारित्रांतच पडतो. त्यामुळे दाबाच्या कलेत सुमारे दीड अंशाचा, म्हणजे जवळजवळ ९० कलामिनिटांचा फरक पडतो. मापनाच्या ०.५ अचूकता वर्गात केवळ २० मिनिटांची मुभा असते.

यावरील उपाय म्हणून मध्यवर्ती रोहित्राच्या मार्गात एक रिॲक्टर ठेवला जातो. त्याचा व रोहित्राच्या गळती प्रेरकत्वाचा मिळून विरोध ५० हर्ट्झला धारित्रांच्या विरोधाइतकाच, पण विरुद्ध दिशेचा असतो. वरील उदाहरणात यासाठी सुमारे १०९ हेन्री एवढे प्रेरकत्व लागते. दोन्ही विरोध परस्परांना रद्द करतात आणि भार बदलला तरी दाब फारसा ढळत नाही. स्थिर अवस्थेतील अचूकतेचे श्रेय या मेळाला जाते, आणि क्षणिक अवस्थेतील दोषाचे मूळही त्यातच आहे.

दाब कोसळल्यानंतर

वरील मेळ केवळ ५० हर्ट्झच्या स्थिर दोलनापुरता खरा आहे. धारित्रात विद्युत क्षेत्राच्या आणि रिॲक्टरमध्ये चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने ऊर्जा साठलेली असते. वाहिनीचा दाब नाहीसा झाला तरी ही ऊर्जा त्याच क्षणी नाहीशी होत नाही. ती भारातून आणि मध्यवर्ती रोहित्रातून झिजत जाते, आणि तोपर्यंत दुय्यम बाजूस एक अवशिष्ट दाब दिसत राहतो.

हा अवशेष किती काळ टिकेल, हे दोष कोणत्या क्षणी घडतो यावर अवलंबून असते. रोधात्मक भार असता धारित्रांवरील अंतर्गत दाब वाहिनीच्या दाबाच्या ९० अंश मागे राहतो. म्हणून वाहिनीचा दाब शून्यातून जात असतानाच धारित्रांत सर्वाधिक ऊर्जा असते. त्या क्षणी दोष झाल्यास अवशेष मंदगतीने विरतो. दाब शिखरावर असताना दोष झाल्यास अवशेष तुलनेने लवकर ओसरतो.

यात आणखी एका घटकाची भर पडते. धारित्रे आणि लोहगाभ्याचे रोहित्र एकत्र आल्याने फेरोरेझोनन्सचा धोका असतो. तो दाबण्यासाठी दुय्यम बाजूस एक मंडल जोडतात. जुन्या रचनेत हे मंडल ५० हर्ट्झला मेळ घातलेले धारित्र व रिॲक्टर यांचे असे. ते स्वतःच ऊर्जा साठवीत असल्याने अवशेष अधिक लांबतो. नंतरच्या रचनेत रोध आणि संपृक्त होणारा रिॲक्टर वापरला जातो. त्याचा परिणाम सामान्य दाबाला जवळजवळ नसतो आणि अवशेषही लवकर ओसरतो.

रिलेची गती आणि प्रश्नाचा उदय

दूरता रिले दाबाला प्रवाहाने भागून दोषापर्यंतचा संरोध काढतो आणि त्यावरून अंतर ठरवितो. पहिला विभाग बहुधा वाहिनीच्या ८० टक्के लांबीपर्यंत ठेवतात व त्यात विनाविलंब खंडन होते. विद्युतयांत्रिक रिलेच्या काळात फिरत्या भागाच्या जडत्वामुळे क्षणिक चढउतार आपोआप गाळले जात, म्हणून सीव्हीटीच्या अवशेषाची झळ फारशी जाणवत नसे. स्थितिक इलेक्ट्रॉनिक रिले आले आणि निर्णय एका आवर्तनात, म्हणजे २० मिलिसेकंदांत वा त्याहून लवकर होऊ लागला. तेव्हा हा अवशेष निर्णयाच्या काळातच येऊन पडला. याच सुमारास, १९७१ मध्ये, स्वीटाना यांनी अमेरिकी अभियंत्यांच्या नियतकालिकात या उपकरणांच्या क्षणिक प्रतिसादाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये श्वाइट्झर यांचा अंकीय दूरता रिले बाजारात आला, आणि प्रश्नाचे उत्तर संगणनात शोधण्याची सोय झाली.

मानकांनीही या प्रश्नाची दखल घेतली. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या २००४ च्या सीव्हीटीविषयक मानकात क्षणिक प्रतिसादाचे वर्ग दिले गेले. हे मानक २०११ मध्ये नव्या मालिकेत समाविष्ट झाले. सर्वात सौम्य वर्गात अवशेष २० मिलिसेकंदांनी मूळ शिखर दाबाच्या १० टक्क्यांवर यावा लागतो, तर सर्वात कठोर वर्गात २ टक्क्यांवर.

१० टक्क्यांचा अर्थ

१० टक्के ही मर्यादा ऐकण्यास लहान वाटते. ती पुरेशी आहे की नाही, हे वाहिनीमागील स्रोत किती सबळ आहे यावर ठरते. सबळ स्रोताची एक वाहिनी घेतली आणि स्रोताचा संरोध विभागाच्या संरोधाच्या निम्मा मानला, तर विभागाच्या टोकाच्या दोषात दाब ६७ टक्के शिल्लक राहतो. दुय्यम बाजूस त्याचे शिखर सुमारे ६० व्होल्ट असते. ९ व्होल्टचा अवशेष त्यात फार मोठा गोंधळ करीत नाही.

आता आखूड वाहिनी आणि दुर्बल स्रोत घेऊ. येथे स्रोताचा संरोध विभागाच्या ३० पट आहे. अशा वेळी टोकाच्या दोषात दाब ३१ व्या भागाइतका, म्हणजे सुमारे ३ टक्के उरतो आणि त्याचे शिखर केवळ २.९ व्होल्ट असते. त्यावर ९ व्होल्टचा अवशेष चढला, तर खोटी राशी खऱ्या राशीच्या तिप्पट होते. कठोर वर्गाचे १.८ व्होल्टही येथे दुर्लक्षिता येत नाहीत.

याचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. अवशेषाची वारंवारता ५० हर्ट्झ नसल्याने गाळणीनंतरचा दाब खऱ्या मूल्याच्या वर-खाली हेलकावतो. तो खाली गेला की संरोध कमी भासतो, आणि विभागाबाहेरचा दोष रिलेला आत वाटतो. वर गेला की आतलाच दोष बाहेर वाटतो आणि खंडन लांबते. पहिला धोका टाळण्यासाठी रिले मुद्दाम थांबविला जातो. होऊ व रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धत अशी आहे : दाब व प्रवाह दोन्ही क्षीण असतील, म्हणजे स्रोत दुर्बल असल्याचा संशय असेल, तर पहिल्या विभागाचे खंडन दीड आवर्तनापर्यंत रोखावे. मात्र काढलेले अंतर स्थिर झाल्याचे दिसल्यास ते तत्काळ होऊ द्यावे. यामुळे विलंब सर्वच दोषांवर न लादता गरजेच्या दोषांपुरता राहतो.

विलंबाची किंमत

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनुसार ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरील दोष १०० मिलिसेकंदांत दूर व्हावा लागतो. रिलेला २० ते ३०, खंडनाच्या सहायक रिलेला ५ ते १० आणि दोन आवर्तनांच्या सर्किट ब्रेकरला ४० मिलिसेकंद धरले, तर बेरीज ६५ ते ८० होते. त्यात दीड आवर्तनाचे ३० मिलिसेकंद मिळविल्यास ती ९५ ते ११० होते. म्हणजे सीव्हीटीच्या अवशेषासाठी दिलेली सवलत सगळी शिल्लक खाऊन टाकते, आणि प्रसंगी मर्यादाही ओलांडते.

प्रत्यक्ष उपकेंद्रात हा परिणाम दोषनोंदणी यंत्राच्या आलेखावरून ओळखता येतो. उपकेंद्रालगतच्या पूर्ण संपर्काच्या दोषात दाब जवळजवळ शून्य असायला हवा. प्रवाहाशी संबंध नसलेला, ओसरत जाणारा आणि ५० हर्ट्झहून वेगळा दाब दिसल्यास तो सीव्हीटीचा अवशेष समजावा. दोषातील ठिणगीचा दाब प्रवाहाच्या कलेत आणि सपाट शिखरांचा असतो, म्हणून दोहोंत गल्लत होण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

सीव्हीटीमुळे होणारा विलंब उपकरणातील बिघाडातून येत नाही. स्थिर अचूकतेसाठी घातलेल्या मेळाची ती किंमत आहे. अधिक धारितेचा स्तंभ घेतल्यास अंतर्गत विरोध व रिॲक्टर दोन्ही लहान होतात, आणि संपृक्त होणारे दमन मंडल वापरल्यास अवशेष लवकर ओसरतो. तथापि, आखूड वाहिनी व दुर्बल स्रोत यांच्या जोडीत यांपैकी कोणताही उपाय पुरता पडत नाही. तेथे दोन्ही टोकांच्या प्रवाहांची तुलना करणारे विभेदी संरक्षण अधिक योग्य ठरते, कारण त्याच्या मूळ निर्णयाला दाबाची आवश्यकताच नसते. रिलेची गती वाढत गेली तसतसा मर्यादेचा बिंदू रिलेकडून दाब मोजणाऱ्या उपकरणाकडे सरकला, हे या इतिहासातून स्पष्ट होते. म्हणून नव्या वाहिनीवर जलद रिले बसविण्यापूर्वी तिच्या सीव्हीटीचा क्षणिक वर्ग आणि स्रोताचे बळ या दोन गोष्टी एकत्र तपासणे आवश्यक आहे.