मधमाश्यांचे नृत्य : लातूर-नांदेडच्या सूर्याखाली

मधमाश्यांचे नृत्य : फुलांची जागा सापडलेली कामकरी माशी पोळ्यावर परतल्यावर ज्या हालचालींतून त्या जागेची दिशा आणि अंतर इतर माश्यांना कळवते, त्या हालचालींना हे नाव आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१९पासून या हालचालींचा पाठपुरावा केला. गोल फिरणारी माशी मकरंदाची बातमी देते आणि शेपटाकडचा भाग हलवत सरळ चालणारी परागाची, असे त्यांना वीसेक वर्षे वाटत होते. १९४४-४५च्या प्रयोगांत खाद्याची बशी दूर नेल्यावर हा समज खोटा ठरला. फरक खाद्याचा नव्हता, अंतराचा होता. जवळच्या खाद्यासाठी माशी गोल फिरते. अंतर वाढले की मध्ये सरळ, थरथरती चाल येते. या कामासाठी १९७३चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर विभागून मिळाले.

फुले आधी शोधतात त्या थोड्या टेहळ्या माश्या. माशीला अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश दिसतो. तांबडा जवळजवळ दिसत नाही. आपल्याला सूर्यफुलाच्या पाकळ्या टोकापासून बुडापर्यंत सारख्याच पिवळ्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांची टोके अतिनील किरण परावर्तित करतात आणि बुडे शोषून घेतात, म्हणून माशीला फुलाच्या मधोमध गडद वर्तुळ दिसते. त्यात वासाची भर पडते. टेहळी माशी परत येते तेव्हा हा वास तिच्या अंगावर असतो, आणि नाचता नाचता थांबून ती मागच्या माश्यांना मकरंदाचा थेंबही चाखवते.

नृत्य पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर, दाटीवाटीत होते. माशी काही क्षण सरळ चालते आणि चालताना शरीर डाव्या-उजव्या बाजूंना झपाट्याने हलवते. मग उजवीकडून वळसा घालून मूळ जागी येते, पुन्हा तीच सरळ चाल चालते आणि या वेळी डावीकडून वळते. चार-पाच माश्या तिच्या अंगाला मिशा लावून मागे मागे फिरतात. माश्यांच्या पेटीत अंधार असतो, त्यामुळे हे सारे पाहून नव्हे, तर स्पर्शाने आणि हवेच्या कंपनांवरून समजून घ्यावे लागते.

दिशेचा हिशोब सूर्यावरून चालतो. पोळ्यावरची ‘सरळ वर’ ही दिशा म्हणजे सूर्याची दिशा. लातूरजवळच्या एका शिवारात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उन्हाळी सूर्यफूल फुलले आहे आणि पेट्या त्या शेताच्या बरोबर उत्तरेला आहेत, असे समजू. सकाळी ९ वाजता सूर्य पूर्वेपासून सुमारे साडेतेरा अंश दक्षिणेकडे कललेला असतो. तिथून शेताच्या दिशेपर्यंत साधारण ७६ अंशांचे अंतर पडते, म्हणून माशी उभ्या रेषेच्या उजवीकडे ७६ अंशांवर चालते. अकराला हाच कोन ५३ अंशांवर येतो. साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट दक्षिणेला जातो आणि माशी सरळ वर चालते. दुपारी दोनला कोन पुन्हा ५३ अंशांच्या आसपास असतो, पण डावीकडे. शेत जागचे हललेले नसते. सूर्य सरकतो आणि माशीचे शरीरातले घड्याळ त्याची नोंद ठेवते. ढग आले तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा दिसला की पुरते, कारण आकाशातल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून तिला सूर्याची जागा कळते.

अंतर सरळ चालीच्या वेळेवरून कळते. पेट्यांतल्या युरोपीय मेलिफेरा माशीची एका सेकंदाची चाल म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर. हे अंतर ती वाटेवर डोळ्यांपुढून सरकणाऱ्या दृश्यावरून मोजते. मंड्याम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २००० साली माश्यांना जेमतेम सहा मीटर लांबीच्या, भिंतींवर नक्षी असलेल्या अरुंद बोगद्यातून उडवले. जवळच्या भिंतींमुळे दृश्य इतक्या वेगाने सरकले की परतल्यावर माश्यांनी सुमारे २०० मीटरचे नृत्य केले.

मराठवाड्यात मेलिफेराच्या पेट्यांशिवाय फुलोरी आणि आग्या या रानमाश्या आहेत. डोंगराळ, झाडीचा मुलूख मानवणारी सातेरी इथे कमी. आग्या माशीचे एकच मोठे पोळे उंच झाडाला किंवा इमारतीला उघड्यावर लोंबते. त्यावरही नृत्य उभ्या पृष्ठभागावरच होते. बाभळी-बोरीच्या फांदीवरच्या फुलोरीचे मात्र निराळे आहे. तिचे तळहाताएवढे पोळे फांदीला वरून कवेत घेते आणि माथ्यावर आडवी सपाट जागा बनते. नृत्य त्या आडव्या जागेवर होते आणि चाल थेट फुलांच्या दिशेने रोखलेली असते. उभ्या रेषेचा आधार नसल्याने तिला आकाश किंवा आजूबाजूच्या खुणा दिसाव्या लागतात. नृत्य उघड्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर फुलोरीइतकी सोयीची माशी दुसरी नाही. आग्याच्या जवळ मात्र या हौसेपायी जाऊ नये.

सूर्यावर उभारलेल्या या पद्धतीची खरी अडचण उष्ण कटिबंधात दिसते, आणि लातूर-नांदेडला ती वर्षातून दोनदा येते. लातूर सुमारे १८.४ आणि नांदेड सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो. जर्मनीत असे कधीच घडत नाही. अशा दिवशी मध्यान्हापर्यंत सूर्य पूर्वेलाच असतो आणि थोड्याच मिनिटांत पश्चिमेला जातो. दक्षिणेकडचे शेत सांगणाऱ्या माशीला आधी उजवीकडे ९० अंश आणि लगेच डावीकडे ९० अंश चालावे लागेल. मधल्या वेळात दिशा मोजायला काहीच उरत नाही. फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५०च्या दशकात श्रीलंकेत हे तपासले. सूर्य माथ्यापासून दोन-तीन अंशांच्या आत आला की नृत्ये विस्कळीत होतात, असे त्यांना दिसले. लातुरात मेमध्ये हा काळ दुपारी १२.२०च्या आगेमागे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. जुलैअखेरीस बहुधा ढगच असतात.

एरवीही नृत्यातून शेताचा अंदाज मिळतो, नेमके फूल मिळत नाही. एकाच माशीच्या लागोपाठच्या चालींतही काही अंशांचा फरक पडतो आणि शेवटची वाट वासावर शोधावी लागते. वासच सारे काम करतो, दिशेची माहिती कोणी वापरतच नाही, असा आक्षेप अमेरिकेत एड्रियन वेनर यांनी १९६७ साली घेतला होता. २००५मध्ये नृत्याच्या मागे फिरलेल्या माश्यांचे उड्डाण रडारवर टिपले गेले, तेव्हा त्या सांगितलेल्या दिशेने आणि अंतराने जातात हे स्पष्ट झाले. नृत्यात शिकण्याचाही भाग आहे: अनुभवी माश्यांची नृत्ये पाहायला न मिळालेल्या माश्या पहिल्या नृत्यांत अधिक चुका करतात, असे २०२३च्या एका अभ्यासात आढळले.

लातूर भागात सूर्यफुलाचा पेरा एके काळी मोठा होता. आता ती जागा बरीचशी सोयाबीनने घेतली आहे. सूर्यफूल ज्यांच्याकडे आहे त्यांना या नृत्याचा थेट उपयोग पेट्या कधी आणायच्या हे ठरवताना होतो. शेत फुलण्याआधीच पेट्या ठेवल्या तर टेहळ्या माश्यांना दुसरीकडची फुले सापडतात, त्याच दिशेची नृत्ये सुरू होतात आणि नंतर फुललेल्या सूर्यफुलाकडे वळायला माश्यांना उशीर लागतो. म्हणून पाच ते दहा टक्के फुले उमलल्यावर पेट्या आणणे बरे. फुलोऱ्याच्या काळात फवारणी टाळावी, आणि करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी. माश्या कमी पडल्या तर कणसाच्या मधल्या भागात बी पोचे राहते; अशा वेळी सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून उमललेल्या फुलांवरून एकेक करून हलका हात फिरवावा लागतो.