ध्वनी-चित्र मेळातील स्थिर अंतर दुरुस्त करणे

ध्वनी-चित्र मेळातील स्थिर अंतर म्हणजे चित्रफितीत आवाज आणि दृश्य यांच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच राहणारे वेळेचे अंतर होय. वक्त्याचे ओठ हलण्याआधी शब्द ऐकू येतो किंवा ओठ हलून गेल्यावर थोड्या वेळाने ऐकू येतो. या दोषाला व्यवहारात 'लिप-सिंक बिघडणे' असे म्हणतात. अंतर स्थिर असेल तर चित्र किंवा ध्वनी यांपैकी कशालाही हात न लावता, केवळ ध्वनिप्रवाहाच्या वेळेच्या नोंदी पुढेमागे सरकवून हा दोष दूर करता येतो. एफएफएमपेग या मुक्त स्रोत संगणकप्रणालीत त्यासाठी `-itsoffset` हा पर्याय आहे. नावातील 'इट्सऑफसेट' हे 'इनपुट टाइमस्टॅम्प ऑफसेट' याचे लघुरूप असून 'आत येणाऱ्या फाइलच्या वेळनोंदींत मिळवायची रक्कम' असा त्याचा अर्थ होतो.

## कार्यपद्धती

एमपी४ किंवा एमकेव्हीसारख्या फाइलमध्ये चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या प्रवाहांत साठवलेले असतात. प्रत्येक प्रवाह लहान लहान तुकड्यांचा, म्हणजे पॅकेटांचा, बनलेला असतो आणि प्रत्येक पॅकेटवर ते केव्हा सादर करायचे याची वेळ नोंदलेली असते. या नोंदीला टाइमस्टॅम्प म्हणतात. चित्रफीत चालवणारी प्रणाली दोन्ही प्रवाहांतील नोंदी एकाच घड्याळाशी ताडून पाहते व त्यानुसार चित्र दाखवते आणि आवाज ऐकवते.

`-itsoffset` या पर्यायाला दिलेली संख्या संबंधित फाइलच्या प्रत्येक टाइमस्टॅम्पमध्ये मिळवली जाते. संख्या सेकंदांत असते. ती धन असेल तर प्रवाह उशिरा सुरू होतो आणि ऋण असेल तर लवकर. पॅकेटांमधील मजकूर जसाच्या तसा राहतो. त्यामुळे आवाजाचा दर्जा घटत नाही आणि तासाभराची फीत दुरुस्त करण्याचे काम साधारण ती फाइल नकलून घेण्याइतक्याच वेळात होते. एकदाच झालेल्या आणि पुन्हा न मिळणाऱ्या मुद्रणासाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते, कारण फेरसंकेतनात प्रत्येक वेळी थोडा दर्जा गमवावा लागतो.

## अंतराची मोजणी

दुरुस्तीपूर्वी दोष फाइलमध्येच आहे याची खात्री करावी लागते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज मुळातच काही अंशी उशिरा पोहोचतो. अशा वेळी फाइल निर्दोष असूनही मेळ बिघडलेला वाटतो. म्हणून तपासणी तारेच्या हेडफोनवर किंवा संगणकाच्या स्वतःच्या ध्वनिवर्धकावर करतात.

मोजणीसाठी दिसणारी आणि ऐकू येणारी अशी एकच क्षणिक घटना शोधली जाते. टाळी हे त्याचे सर्वांत सोयीचे उदाहरण होय. चित्रीकरणात प्रत्येक दृश्याआधी पाटी वाजवण्याची प्रथा याच हेतूने आहे. टाळी उपलब्ध नसेल तर ओष्ठ्य वर्ण उपयोगी पडतात. 'प' आणि 'ब' उच्चारताना ओठ पूर्ण मिटतात व ते उघडताच ध्वनी फुटतो. त्यामुळे ओठ विलग होण्याची फ्रेम आणि ध्वनीचा स्फोट यांची तुलना करता येते. 'म' हाही ओष्ठ्य आहे, परंतु त्याचा नाद ओठ मिटलेले असतानाच सुरू असतो, म्हणून तो मोजणीला तितकासा योग्य नाही.

ध्वनितरंगाचा आलेख दाखवणाऱ्या कोणत्याही चित्रसंपादन प्रणालीत फीत उघडून, दृश्यातील क्षण आणि आलेखातील उंच टोक यांच्यात किती फ्रेमचे अंतर आहे ते मोजतात. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या फितीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. फ्रेम मोजून काढलेल्या आकड्यात साधारण तेवढी चूक संभवते.

हा आकडा फाइल न बदलता पडताळून पाहता येतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये विंडोज व लिनक्सवर `K` ही कळ दाबल्यास आवाज ५० मिलिसेकंद उशिरा आणि `J` दाबल्यास तेवढाच लवकर ऐकू येतो. मोजलेल्या आकड्याच्या आसपास मेळ जुळत असल्यास दुरुस्तीस हरकत नसते.

## स्थिर अंतर आणि वाढते अंतर

फितीच्या आरंभी, मध्यावर आणि अखेरीस अशी तीन ठिकाणी मोजणी करणे आवश्यक असते. तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच आकडा आला तरच अंतर स्थिर मानले जाते. आरंभी २०० मिलिसेकंद आणि अखेरीस ९०० मिलिसेकंद असे अंतर आढळल्यास दोन प्रवाहांचा वेगच वेगळा आहे असे समजावे. चित्र कॅमेऱ्यावर आणि ध्वनी वेगळ्या मुद्रणयंत्रावर घेतला असता, दोन्ही यंत्रांची घड्याळे किंचित वेगळ्या गतीने चालत असल्यामुळे असे घडते. `-itsoffset` सर्व टाइमस्टॅम्पमध्ये एकच संख्या मिळवत असल्याने या दोषावर तो चालत नाही. फीत एका ठिकाणी जुळते आणि दुसऱ्या ठिकाणी बिघडते.

## उदाहरण

एका व्याख्यानाच्या ५० मिनिटांच्या मुद्रणात सेकंदाला २५ फ्रेम आहेत. श्रोत्यांच्या टाळ्यांपैकी एक टाळी निवडून मोजणी केली असता आवाज दृश्याच्या ६ फ्रेम आधी येतो असे दिसते. मध्यावर आणि अखेरीसही ६ फ्रेमच भरतात. ६ गुणिले ४० म्हणजे २४० मिलिसेकंद, अर्थात ०.२४ सेकंद. आवाज आधी येत असल्यामुळे त्याला तेवढा विलंब द्यायचा आहे. त्यासाठी पुढील आज्ञा वापरतात :

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -itsoffset 0.24 -i vyakhyan.mp4 -map 0:v -map 1:a -c copy sudharit.mp4
```

येथे एकच फाइल दोनदा उघडली आहे. `-itsoffset` आपल्यानंतर लगेच येणाऱ्या `-i` ला लागू होतो आणि त्या फाइलमधील सर्व प्रवाहांना सरकवतो. फाइल एकदाच उघडली तर चित्र आणि ध्वनी दोन्ही बरोबरीने सरकतात व त्यांच्यातील अंतर तसेच राहते. 'आज्ञा चालली, पण काहीच बदलले नाही' या तक्रारीचे हे नेहमीचे कारण असते. एफएफएमपेग फाइलींची गणना शून्यापासून करते. त्यामुळे `-map 0:v` म्हणजे न सरकवलेल्या पहिल्या प्रतीतील चित्र आणि `-map 1:a` म्हणजे सरकवलेल्या दुसऱ्या प्रतीतील ध्वनी. `-c copy` मुळे दोन्ही प्रवाह फेरसंकेतन न होता नकलले जातात. मूळ फाइलमध्ये उपशीर्षके असतील तर वरील आज्ञेत ती गळून पडतात; ती ठेवायची असल्यास `-map 0:s?` जोडावे लागते.

परिणाम कानाने पडताळण्याबरोबरच फाइलमधील नोंदही पाहता येते :

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_type,start_time -of compact sudharit.mp4
```

उत्तरात चित्राची आरंभवेळ शून्याच्या आसपास आणि ध्वनीची ०.२४ च्या आसपास दिसली पाहिजे. ध्वनिसंकेतनाच्या आरंभी असणाऱ्या पूरक नमुन्यांमुळे हा आकडा सुमारे ०.०२ सेकंदाने वेगळा दिसू शकतो. तो दोष नव्हे.

## आवाज उशिरा येत असल्यास

अशा वेळी ध्वनी लवकर सुरू करायचा असतो आणि त्यासाठी `-itsoffset -0.24` अशी ऋण संख्या देता येते. मात्र त्यामुळे ध्वनीच्या पहिल्या काही पॅकेटांची वेळ शून्याच्याही आधीची होते. अशा पॅकेटांचे काय करायचे हे फाइलप्रकारावर अवलंबून असते : कोठे आरंभ झाकला जातो, तर कोठे सर्वच प्रवाह पुढे ढकलून पहिली नोंद शून्यावर आणली जाते.

ही अनिश्चितता टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे ध्वनी लवकर आणण्याऐवजी चित्रालाच विलंब देणे. दोहोंतील अंतर त्यानेही तेवढेच बदलते :

```
ffmpeg -itsoffset 0.24 -i vyakhyan.mp4 -i vyakhyan.mp4 -map 0:v -map 1:a -c copy sudharit.mp4
```

यात सर्व संख्या धन राहतात आणि ध्वनीचा आरंभ कापला जात नाही. पहिल्या पाव सेकंदापुरते चित्र उशिरा दिसते, एवढाच फरक पडतो.

## मर्यादा

धन विलंब दिल्याने ध्वनिप्रवाहाच्या आधी शांतता भरली जात नाही. प्रवाह उशिरा सुरू होतो अशी केवळ नोंद होते. एमपी४ प्रकारात ही नोंद 'एडिट लिस्ट' नावाच्या सूचीत ठेवली जाते. काही जुने प्लेअर आणि संपादन प्रणाली ही सूची वाचत नाहीत. तेथे दोन्ही प्रवाह एकदमच सुरू होतात आणि दुरुस्ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. एका यंत्रावर मेळ जुळलेला आणि दुसऱ्यावर पुन्हा तेच जुने अंतर, हे याचे लक्षण होय.

अशा ठिकाणी खरी शांतता भरावी लागते आणि त्यासाठी ध्वनीचे फेरसंकेतन अटळ असते. चित्र मात्र पूर्ववत नकलता येते. येथे आकडा मिलिसेकंदांत देतात :

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -c:v copy -af "adelay=240:all=1" sudharit.mp4
```

## किती अचूकता पुरेशी

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज दृश्याच्या आधी आल्यास साधारण ४५ मिलिसेकंदांवर आणि उशिरा आल्यास साधारण १२५ मिलिसेकंदांवर प्रेक्षकाला विसंगती जाणवू लागते. उशिरा येणारा आवाज अधिक सहन होण्यामागे रोजचा अनुभव असल्याचे मानले जाते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, त्यामुळे दूरची घटना नेहमी आधी दिसते आणि मग ऐकू येते. सभागृहात २० मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनपर्यंत आवाज पोहोचण्यास सुमारे ६० मिलिसेकंद लागतात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एका फ्रेमची, म्हणजे ४० मिलिसेकंदांची चूक बहुधा लक्षात येत नाही, म्हणून फ्रेम मोजून काढलेला आकडा बहुतेक कामांना पुरतो. आणि दोन लगतच्या आकड्यांत निवड करायची असेल, तर ज्यात आवाज किंचित उशिरा राहील तो आकडा घेणे श्रेयस्कर ठरते.