मॉड

ठाण्या-डोंबिवलीत जुन्या पिढीची माणसं फॅशनेबल मुलीला अजून ‘मॉड’ म्हणतात. लॅटिन ‘मोडो’ म्हणजे आत्ताच. त्यावरून ‘मॉडर्न’ आला. १९५०च्या दशकाअखेरीस लंडनमध्ये मॉडर्न जॅझ ऐकणारे ते मॉडर्निस्ट, पुढे नुसतेच मॉड. अंगात बेतून शिवलेला इटालियन धाटणीचा सूट, तो मळू नये म्हणून वर पार्का आणि बुडाखाली व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा. ही लॅम्ब्रेटा तेव्हा आपल्याकडे भांडुपला बनायची आणि बिचारी संसारी माणसांची गाडी होती!

या मंडळींची बोली बँडच्या नावांतही उतरली. त्यांच्यातला रुबाबदार म्होरक्या तो ‘फेस’. चौघेही बुटके, म्हणून १९६५चा बँड ‘स्मॉल फेसेस’. ‘द हू’ला १९६४मध्ये मॅनेजर पीटर मीडनने मॉड पोशाख चढवला आणि ‘हाय नंबर्स’ हे नाव दिलं. नाव टिकलं नाही, पोशाख काही काळ टिकला.

आजची पोरं मात्र बाइक ‘मॉड’ करतात. तो ‘मॉडिफाय’चा तुकडा.