दगडावरचा सन

उर्दूत आकड्याला 'हिंदसा' म्हणतात. शब्द कानावर पडताच 'हिंद' आठवतो. अंक अरबांनी हिंदुस्थानातूनच नेले हेही खरे, म्हणून ही व्युत्पत्ती पटकन पटते. पण ती लोकांनी जुळवलेली आहे. फारसीत मापाला 'अंदाज़ा' म्हणतात आणि त्याच्या जुन्या रूपाच्या आरंभी 'ह' होता. ते रूप अरबीत जाऊन 'हंदसा' झाले आणि भूमितीचे नाव ठरले. तोच शब्द उर्दूत 'हिंदसा' होऊन आकड्याला चिकटला. मराठीतला 'अंदाज' याच घरातला.

कंधार किंवा उदगीरच्या किल्ल्यातल्या फारसी लेखाचा फोटो आपल्यासमोर येतो तेव्हा आपण त्यातला हिंदसा बहुधा अंदाजानेच वाचतो. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून आकडाही तसाच वाचायचा, ही पहिली चूक. आकडे देवनागरीसारखेच डावीकडून उजवीकडे जातात. दुसरी चूक शून्याची. देवनागरीत वाटोळे म्हणजे शून्य. तिथे वाटोळे किंवा बदामासारखे चिन्ह म्हणजे पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. काळ्या दगडाला मुळातच बारीक खड्डे असतात, त्यामुळे नसलेले शून्य दिसते. आणि वर चुन्याचा हात फिरला असेल तर असलेले शून्य बुजते. दोन आणि तीन यांत एकाच दात्याचा फरक असतो, तोही चुन्याने भरतो. सात वर उघडा आणि आठ खाली उघडा, त्यामुळे निखळून उलटा बसवलेला दगड किंवा उलटा धरलेला फोटो सातचे आठ करतो. अशा वेळी आधी शेजारचा मजकूर सुलटा आहे का ते पाहावे.

इतके सांभाळून आकडा लागला, तरी सन हाती येतोच असे नाही. आकड्याच्या डाव्या टोकाला बहुधा एक छोटे अक्षर असते. दोन डोळ्यांचा 'हे' असेल तर सन हिजरी, 'फे' असेल तर फसली. फोटो काढणारा आकडा चौकटीच्या मधोमध धरतो आणि हे अक्षर कडेला कापले जाते.

ते गेले की किती फरक पडतो, हे लातूरच्या गंजगोलाईवरून पाहू. गोलाई १९१७ ची. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कुणी सन कोरला असता, तर मराठी माणसाने शके १८३९ लिहिले असते. मशिदीच्या दगडावर हिजरी १३३५ आले असते आणि निजामाच्या महसुली दप्तरात फसली १३२६. एकाच उन्हाळ्याचे हे तीन आकडे. 'फे' न दिसल्यामुळे १३२६ हा हिजरी समजला, तर वास्तू १९०८ ची ठरते. उलट १३३५ ला फसली धरले तर ती १९२५ च्या पुढे जाते. दोन्हीकडे नऊ वर्षांची चूक.

ही नऊ वर्षे 'फसली' या शब्दातच दडली आहेत. फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते दर साली दहा-अकरा दिवस आधी येते, आणि पिकाला ते परवडत नाही. साऱ्याचा हप्ता सुगीच्या आधीच दारात येऊन उभा राहील. म्हणून शाहजहानच्या काळात दख्खनमध्ये त्या वेळचा हिजरी आकडा तसाच ठेवून पुढची मोजणी सौर मानाने सुरू झाली. तेव्हापासून हिजरी दर तेहतीस वर्षांत साधारण एक वर्ष पुढे सरकत गेला. १९१७ पर्यंत हे अंतर नऊ वर्षांचे झाले होते. निजामी राज्यात शेवटी फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे, म्हणून आकड्यात ५९० मिळवले की ते कोणत्या इसवी सनाच्या ऑक्टोबरात सुरू झाले ते कळते. फसली १३५७ सुरू झाले १९४७ च्या ऑक्टोबरात. पोलीस कारवाई झाली ती त्याच फसली वर्षाच्या अखेरीस, १९४८ च्या सप्टेंबरात.

काही वेळा आकडा नसतोच, सन शब्दांत असतो. मराठी कागदांत 'सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ' असे येते, ते वाचणाऱ्याला मंत्रासारखे वाटते. हे अरबी संख्याशब्द आहेत आणि ते एककापासून सुरू होतात: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाला सुरू होई, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. वरचे वर्ष १७६० च्या मृगापासूनचे. पानिपतचा जानेवारी त्यातच येतो. हिशेबनीस हेच अरबी शब्द घाईने लिहिता लिहिता इतके आखडत गेले की त्यांची चिन्हेच झाली. त्या लिहिण्याला 'रकम' म्हणत. अरबीत रकम म्हणजे लिहिलेली खूण, आकडा. मराठीत तिची 'रक्कम' झाली आणि ती खुणेवरून सरळ पैशावर आली.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण तिथे सन अक्षरांत लपलेला असतो. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक मोल आहे: अलिफ १, दाल ४, हे ८, मीम ४०, असे हजारापर्यंत. ट्रकवरचा ७८६ हा असाच 'बिस्मिल्ला'च्या ओळीची बेरीज आहे. निजामाच्या हाली रुपयावर नावाजवळ ९२ दिसतात. कुणाला ते साल वाटते, कुणाला राज्यारोहणाचे वर्ष. ते 'मुहम्मद' या नावाचे मोल आहे: मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. उच्चारात मधला मीम दुहेरी आहे, पण लिहिला एकदाच जातो, म्हणून मोजायचाही एकदाच. दोनदा मोजला तर १३२ होतात. सन रुपयावर वेगळा, हिजरीत दिलेला असतो.

इमारत पुरी झाली की कवी एखादी ओळ अशी बांधी की तिची बेरीज बांधकामाचा हिजरी सन यावी. या प्रकारालाही 'तारीख'च म्हणतात. हैदराबाद शहराची तारीख 'या हाफ़िज़' अशी सांगतात: 'या'चे ११ आणि 'हाफ़िज़'चे ९८९ मिळून १०००, म्हणजे इसवी १५९१-९२. कवी कधी बेरीज थोडी कमी-जास्त ठेवतो आणि काय मिळवायचे किंवा वजा करायचे ते आधीच्या ओळीत सुचवतो. म्हणून शेवटची ओळ एकटीच धरून चालत नाही.

फोटो वाचणाऱ्याला मात्र या तारखेचा मोठा आधार आहे. तारखेच्या ओळीखाली पुष्कळदा तोच सन आकड्यांतही कोरलेला असतो. आकडा दोन की तीन, हा वाद आकड्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी सुटत नाही. तो वरच्या ओळीतली अक्षरे मोजून सुटतो. बेरीज ११२५ आली, तर तो दोनच आहे. ११३५ आली, तर तो तीन, एक दाता चुन्याने भरलेला.