मॅन्युव्हरिंग वेग
मॅन्युव्हरिंग वेग (चिन्ह: V_A) हा विमानाच्या रचनेत ठरवलेला असा वेग आहे, की ज्याच्या खाली वैमानिकाने नियंत्रणदांडा एकदा पूर्ण मागे खेचला तरी पंखांवरील भार ठरावीक मर्यादेबाहेर जाण्यापूर्वीच विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांवरील हवेचा प्रवाह विलग होऊन उत्थापक बल घटते.

== उड्डाण-मर्यादा आलेख ==
या आलेखात आडव्या अक्षावर वेग आणि उभ्या अक्षावर भारगुणक (n) असतो. भारगुणक म्हणजे उत्थापक बल आणि विमानाचे वजन यांचे गुणोत्तर. सरळ, समतल उड्डाणात तो १ असतो. वेग दुप्पट झाला की मिळू शकणारे कमाल उत्थापक बल चौपट होते. त्यामुळे आलेखाची डावी कडा वक्राकार वर चढते. वरची आडवी कडा भाराची मर्यादा दाखवते, तर उजवी उभी कडा वेगाची. वक्र आणि वरची कडा जेथे मिळतात, तेथील वेग म्हणजे मूलतः V_A होय:

V_A = V_S × √n

येथे V_S हा समतल उड्डाणातील स्टॉल वेग आहे. सामान्य वर्गातील लहान विमानांसाठी भारमर्यादा साधारणतः ३.८ असते. या मर्यादेपर्यंत सांगाड्यात कायमची विकृती येऊ नये आणि तिच्या दीडपट भारापर्यंत तो तुटू नये, अशी अपेक्षा असते.

== वजनाचा परिणाम ==
सेसना १७२एस या विमानाचा V_A १,१५७ किलो वजनाला १०५ नॉट, तर ८६२ किलो वजनाला ९० नॉट आहे. वजन कमी असताना वेगमर्यादाही कमी होते. कारण तेवढेच उत्थापक बल हलक्या विमानाला अधिक त्वरण देते आणि वजन न बदललेल्या इंजिनाच्या आधारांवर त्यामुळे जास्त ताण येतो.

== मर्यादा ==
वरील आलेख मुख्यतः नाक वर-खाली होण्याच्या हालचालीतील भार दाखवतो. शेपटीच्या उभ्या पंखावरील आडवा भार त्यात दिसत नाही. १२ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे उड्डाण ५८७ (एअरबस ए३००-६००) न्यूयॉर्कहून निघाल्यावर लगेच कोसळले. वेग V_A पेक्षा कमी होता. परंतु पुढील विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांत शिरल्यावर सहवैमानिकाने रडर काही सेकंदांत आलटून-पालटून दोन्ही बाजूंना दाबले. प्रत्येक उलट्या हालचालीने विमानाचे बाजूला घसरणे वाढत गेले आणि उभा पंख तुटला. विमानातील २६० व जमिनीवरील ५ जण मृत्युमुखी पडले.

२०१० मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नियमांत स्पष्ट केले, की V_A खालीही नियंत्रणे वेगाने आलटून-पालटून फिरवल्यास सांगाडा तुटू शकतो.