स्थिरांक १/१६ कुठून आला?

* लेखकाने येथे f(x) = c x² e^(−x/2), x > 0, असे घनता फलन घेऊन c = 1/16 ही किंमत थेट लिहिली आहे. ती अशी येते. वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ 1 असायला हवे. x = 2u घेतल्यास x² मधून 4 आणि dx मधून 2 बाहेर पडतात, म्हणून 0 ते अनंतापर्यंतचे संकलन 8∫u²e^(−u)du होते. हे उरलेले संकलन म्हणजे ऑयलरचे Γ(3), म्हणजेच 2! = 2. गुणाकार 16, म्हणून c = 1/16.

आता X > 4 ची संभाव्यता काढू. खालची मर्यादा u = 2 होते. दोनदा खंडशः संकलन केल्यावर e^(−2)(1 + 2 + 2) = 5e^(−2), म्हणजे सुमारे 0.677 मिळते.

विद्यार्थी बहुधा dx मधला 2 विसरतात आणि c = 1/8 धरतात. मग X > 4 साठी 1.35 येते आणि चूक लगेच कळते. पण X > 8 साठी खऱ्या 0.238 ऐवजी 0.476 येते, आणि ते कोणालाही खटकत नाही. म्हणून c मिळताच एकूण क्षेत्रफळ 1 भरते का, हे आधी तपासावे. — संपादक